खर्चाच्या यादीत लपलेली ढाल

संघटनेची नोंदणी म्हणजे शिक्का, लेटरहेड आणि दारावरची पाटी, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. सोलापुरात तर ही समजूत फारच पक्की आहे, कारण संघटना इथे नवी नाही. जुन्या गिरणीच्या काळापासून या गावाने संप पाहिले, मोर्चे पाहिले, विडी कामगार बायकांचे हजारोंचे मेळावे पाहिले. एवढ्या मोठ्या परंपरेच्या गावात आजही एखाद्या टॉवेल कारखान्यात पंधरा-वीस मागवाले एकत्र येतात, 'कामगार समिती' स्थापन करतात आणि काम बंद ठेवतात. नोंदणीचं बघू नंतर, असं म्हणतात. त्या 'नंतर'ची किंमत काय असते, ते मी वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतच पाहिलं. हा लेख त्यासाठी आहे.

अक्कलकोट रोडच्या बाजूला एक कारखाना होता. चोवीस माग, दोन पाळ्या. नाव सांगत नाही, कारण मालकही आज नाहीत आणि कारखानाही नाही. पीस रेट वाढवून मिळावा म्हणून कामगारांनी अकरा दिवस काम बंद ठेवलं. दगड पडला नाही, कुणाला हात लागला नाही. पण मालकाची टॉवेलची ऑर्डर वेळेत गेली नाही आणि घेणाऱ्याने ती रद्द केली. मालकाने नऊ कामगारांवर दिवाणी दावा लावला. या नऊ जणांनी इतर मागवाल्यांना काम सोडायला चिथावलं, त्यामुळे माझा धंदा अडला आणि माझा करार मोडला, सबब चार लाख रुपये नुकसानभरपाई द्या, असा तो दावा होता.

मी तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्या वकीलसाहेबांनी दाव्याची प्रत वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "नोंदणी क्रमांक काय?" समितीच्या सेक्रेटरीने पिशवीतून रबरी शिक्का काढून टेबलावर ठेवला. गोल शिक्का, मध्ये धोटा, भोवती समितीचं नाव. नोंदणीचा अर्ज भरून तयार होता, पण तो दिला नव्हता. सात सह्या असलेला तो कागद संप सुरू झाला तेव्हा कुणाच्या तरी घरी लोखंडी कपाटात होता.

कागद निबंधकाकडे जाऊन प्रमाणपत्र मिळालेलं असतं, तर तो दावा पहिल्याच टप्प्यावर फेटाळा असा अर्ज आम्हाला करता आला असता. तेव्हा लागू असलेल्या १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाच्या कलम १८ मध्ये जवळजवळ त्या दाव्याचीच भाषा होती. औद्योगिक विवादाच्या संदर्भात केलेल्या कृतीने दुसऱ्या कुणी नोकरीचा करार मोडला, किंवा कुणाच्या व्यापारात, धंद्यात, नोकरीत अडथळा आला, केवळ एवढ्याच कारणावरून नोंदणीकृत संघटनेवर, तिच्या पदाधिकाऱ्यावर किंवा सभासदावर दिवाणी न्यायालयात दावा चालणार नाही. कलमातला 'नोंदणीकृत' हा शब्द तिथे सजावटीला नाही. ज्या समितीकडे प्रमाणपत्र नाही, तिच्यासाठी हे कलम नाही.

तो दावा साडेतीन वर्षं चालला आणि तडजोडीत संपला. शेवटी काय द्यावं लागलं यापेक्षा मधली वर्षं मला जास्त आठवतात. तारखेला यायचं म्हणजे त्या दिवसाची पाळी बुडणार. पीस रेटवर काम करणाऱ्या माणसाची पाळी बुडाली की त्या दिवसाची मजुरी शून्य. नऊ जण कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे, दुपारी तारीख पुढे पडायची. त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, "साहेब, चार लाख म्हणजे आमचे किती टॉवेल?" त्याने ते मनाशी मोजायचा प्रयत्नही केला होता.

हे संरक्षण कायद्यात आलं कसं, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यालाही एक दिवाणी दावाच कारण आहे. १९१८ मध्ये मद्रासमध्ये बी. पी. वाडियांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन उभी राहिली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात मालक कंपनी उच्च न्यायालयात गेली. वाडिया आणि त्यांचे सहकारी कामगारांना करार मोडायला लावत आहेत, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने मनाईहुकूम दिला आणि पुढे तडजोडीत वाडियांना त्या युनियनपासून दूर व्हावं लागलं. संघटना काढणं हाच दाव्याचा विषय होऊ शकतो, हे सगळ्या देशाला त्या वेळी कळलं. १९२१ मध्ये कामगार नेते ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला की संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करा. कायदा झाला १९२६ मध्ये आणि लागू झाला १ जून १९२७ पासून. म्हणजे नोंदणी आणि संरक्षण या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या. सरकारने सांगितलं, तुम्ही आपली नियमावली, हिशेब आणि पदाधिकारी उघड ठेवा, आम्ही तुम्हाला दाव्यांपासून ढाल देऊ. या देवाणघेवाणीतलं आपण फक्त पहिलं लक्षात ठेवलं, म्हणून नोंदणी ही सरकारी कटकट वाटते.

आता या ढालीचा दुसरा भाग. वकिलांच्याही तो पटकन ध्यानात येत नाही आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत जाणून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे.

एका माणसाने काम सोडलं तर फार तर करारभंग होतो. तो दिवाणी मामला झाला. पण वीस जणांनी एकत्र बसून काम सोडायचं ठरवलं तर? भारतीय दंड संहितेत 'बेकायदेशीर' या शब्दाची व्याख्या फार रुंद होती. जो अपराध आहे ते बेकायदेशीर, जे कायद्याने मना आहे ते बेकायदेशीर आणि ज्यावरून दिवाणी दावा होऊ शकतो तेही बेकायदेशीर. अशी 'बेकायदेशीर' गोष्ट करायचं दोघांनी ठरवलं आणि त्या दिशेने काही कृती झाली, की फौजदारी कट. त्याला कलम १२०-ब च्या दुसऱ्या पोटकलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे एकट्याने केलं तर दिवाणी आणि मिळून केलं तर फौजदारी. संपाचा तर अर्थच मिळून करणं असा आहे. हे कलम जसंच्या तसं कामगारांना लावलं असतं, तर संपाचा प्रत्येक ठराव हा कटाचा पुरावा ठरला असता.

म्हणून १९२६ च्या कायद्यात कलम १७ घातलं. नोंदणीकृत संघटनेच्या सभासदांनी आपापसात केलेल्या समझोत्याबद्दल त्यांच्यावर या कटाचा आरोप ठेवता येणार नाही, पण दोन अटींवर. तो समझोता एखादा अपराध करण्यासाठी नसावा. आणि तो कलम १५ मध्ये दिलेल्या उद्देशांपैकी एखादा पुढे नेण्यासाठी असावा.

कलम १५ उघडून बघा. ते आहे खर्चाचं कलम. संघटनेचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येईल त्याची यादी. पदाधिकाऱ्यांचे पगार, कार्यालयाचा खर्च आणि हिशेबतपासणी, कोर्टकचेरी, संघटनेच्या किंवा सभासदाच्या वतीने औद्योगिक विवाद चालवणं, विवादामुळे सभासदाचं झालेलं नुकसान भरून देणं, मृत्यू, म्हातारपण, आजार, अपघात, बेकारी यांसाठी मदत, सभासदांना शैक्षणिक आणि सामाजिक लाभ, अंत्यविधीचा खर्च, मुखपत्र. खजिनदार ही यादी ऑडिटसाठी वाचतो आणि मिटून ठेवतो. पण कलम १७ तिच्याकडे बोट दाखवतं. तुमचे पैसे ज्या कामांवर खर्च करायला कायदा परवानगी देतो, त्याच कामांसाठी तुम्ही एकत्र येऊन ठरवलेलं कटाच्या आरोपापासून सुरक्षित आहे. खर्चाची यादी हीच ढालीची कड आहे.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते सोलापुरातल्या दोन ठरावांवरून सांगतो. समजा एका नोंदणीकृत यंत्रमाग कामगार संघटनेने ठराव केला की पीस रेटची मागणी मान्य होईपर्यंत अमुक कारखान्यात काम बंद. हे 'औद्योगिक विवाद चालवणं' आहे, यादीत आहे, ढालीच्या आत आहे. आता समजा महापालिकेची निवडणूक आहे आणि त्याच संघटनेने ठराव केला की अमुक उमेदवार निवडून यावा म्हणून प्रभागातले सगळे माग दोन दिवस बंद ठेवा. माणसं तीच, शिक्का तोच, माग तेच. पण हा उद्देश कलम १५ च्या यादीत नाही. राजकीय कामासाठी कायद्याने कलम १६ मध्ये वेगळा निधी ठेवायला सांगितलं आहे. त्याला वर्गणी देणं ऐच्छिक आहे, आणि ती न देणाऱ्या सभासदाला कोणत्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही. कलम १७ मात्र बोलतं ते फक्त कलम १५ बद्दल. दुसऱ्या ठरावाच्या मागे ती ढाल उभी राहत नाही. तसंच एका कारखानदाराच्या सांगण्यावरून त्याच्या स्पर्धकाचे माग बंद पाडण्याचा ठराव. असं कधीच घडत नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला या गावात भेटलेला नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की संपाचा ठराव लिहिताना पहिल्या दोन ओळींत मागणी लिहा, विवाद काय आहे ते लिहा, कुणाकुणाशी बोलणी झाली ते लिहा. 'मालकाला धडा शिकवण्यासाठी' असं ठराववहीत लिहिलेलं मी पाहिलं आहे. रागात लिहिलं होतं, आणि राग खरा होता. पण न्यायाधीश वही वाचतात, राग वाचत नाहीत.

ठराववहीचं आणखी एक काम आहे. कलम १८ च्या दुसऱ्या भागात लिहिलं आहे की विवादाच्या ओघात संघटनेच्या एखाद्या हस्तकाने काही नुकसानीचं कृत्य केलं, पण ते कार्यकारिणीला माहीत नव्हतं किंवा कार्यकारिणीच्या स्पष्ट सूचनेविरुद्ध होतं असं सिद्ध झालं, तर संघटना त्याला जबाबदार नाही. हे सिद्ध करायचं कशाने? संप सुरू होण्याआधीच्या तारखेच्या ठरावाने. एका विडी कामगार संघटनेच्या वहीत मी हाताने लिहिलेली ओळ वाचली होती: 'कुणीही कारखान्याचं दार अडवायचं नाही, पानाच्या गाडीला हात लावायचा नाही, आत जाणाऱ्या बाईला शिवी द्यायची नाही.' खाली अकरा अंगठे आणि चार सह्या. इतका पक्का बचाव मी नंतर कुठल्या वकिलाच्या हातूनही लिहिलेला पाहिला नाही.

मालक मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. सोलापूरचा यंत्रमागवाला म्हणजे काही मोठा गिरणीमालक नव्हे. बऱ्याच जणांचे वडील स्वतः मागावर उभे राहिलेले. सूत उधारीवर, पैसे दोन-तीन महिन्यांनी, त्यात विजेचं बिल. त्याची एक ऑर्डर गेली की तो खरोखर अडचणीत येतो. तो विचारतो, माझं नुकसान झालं तर मी जायचं कुठे? कामगाराला सगळं माफ का?

सगळं माफ नाही. कलम १८ मधला 'केवळ' हा शब्द त्याच्यासाठीच आहे. करार मोडायला लावला, धंद्यात अडथळा आला, केवळ एवढंच कारण असेल तर दावा चालत नाही. मारहाण झाली, माग फोडले, बीम कापले, रस्ता अडवून माणसं कोंडून ठेवली, तर कारण 'केवळ' उरत नाही आणि दावाही चालतो, फौजदारीही चालते. कलकत्ता उच्च न्यायालयाने जय इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात घेरावाबद्दल हेच सांगितलं. अधिकाऱ्याला कोंडून ठेवणं हा अपराध आहे आणि कलम १७, १८ त्याला पांघरूण घालत नाहीत. मालकाला शांततेच्या संपातून झालेल्या नुकसानीची वसुली नऊ मजुरांच्या घरातून करता येणार नाही, एवढंच कायदा म्हणतो. आणि ते योग्यच आहे, कारण काम थांबलं तर मालकाचं नुकसान होणार हे संपाचं सगळं बळ आहे. त्या नुकसानीचीच भरपाई मागता आली तर संपाचा हक्क कागदावरही राहत नाही.

मग संप बेकायदेशीर ठरला तर? तरीही भरपाईचा रस्ता तो नाही. बिहारमधल्या रोहतास इंडस्ट्रीजच्या प्रकरणात लवादाने बेकायदेशीर संपाबद्दल कामगारांवर नुकसानभरपाई बसवली होती. पाटणा उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. बेकायदेशीर संपाला कायद्याने स्वतःच शिक्षा ठरवली आहे, ती द्या. तिच्याऐवजी किंवा तिच्या वर नुकसानभरपाई लादता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

हे सगळं आज पुन्हा मांडायचं कारण म्हणजे औद्योगिक संबंध संहिता. ती २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९२६ चा कायदा तिच्यात विरघळला. ढाल तिने काढून घेतलेली नाही. दिवाणी दाव्यापासूनचं आणि कटाच्या आरोपापासूनचं संरक्षण जवळजवळ त्याच शब्दांत ठेवलं आहे आणि जुन्या कायद्याखाली ज्यांची नोंदणी वैध आहे त्या संघटनांची नोंदणी चालू धरली आहे. तरी माझी काळजी आहे ती ढाल काढून घेण्याच्या कलमाबद्दल.

जुन्या कायद्यात निबंधकाला नियमभंगाबद्दल नोंदणी रद्द करायची असेल तर संघटनेने 'जाणूनबुजून' आणि सूचना मिळूनही नियम मोडला, हे दिसावं लागत होतं. वार्षिक विवरणपत्र चुकून राहिलं, निबंधकाने पत्र पाठवलं, संघटनेने ते भरलं, विषय संपला. संहितेत निबंधकाला संघटनेने संहितेचा, नियमांचा किंवा स्वतःच्या घटनेचा भंग केल्याची माहिती मिळाली, तर तो साठ दिवसांची नोटीस देऊन नोंदणी रद्द करण्याकडे जाऊ शकतो. 'जाणूनबुजून' हा शब्द गेला. माहिती कुणाकडून मिळावी, याला बंधन नाही. ती मालकाकडूनही येऊ शकते, फुटून निघालेल्या गटाकडूनही येऊ शकते.

नोंदणी हा फक्त शिक्का असता तर मी याबद्दल एवढं लिहिलं नसतं. पण नोंदणी गेली की दोन्ही कलमांचं संरक्षण जातं. संप चालू असताना विवरणपत्राच्या चुकीवरून प्रमाणपत्र रद्द झालं, तर दुसऱ्या दिवसापासून तेच कामगार त्या नऊ जणांच्या जागी उभे. एवढा मोठा परिणाम ज्या निर्णयाचा आहे, तो अनवधानाच्या चुकीवर होता कामा नये. 'जाणूनबुजून' हा शब्द संहितेत परत यायला हवा आणि औद्योगिक विवाद प्रलंबित असताना नोंदणी रद्द करण्याची कारवाई थांबवून ठेवावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. राज्याच्या कामगार संघटनांनी मजुरीच्या मागण्यांइतकीच ती लावून धरावी.

दुसरा मुद्दा नोंदणी देण्याच्या वेळेबद्दल. १९२६ च्या कायद्याने निबंधकाला किती दिवसांत निर्णय घ्यायचा ते सांगितलं नव्हतं. १९५८ मध्ये एका चुनखडी खाणीच्या मजदूर संघटनेला पाटणा उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण अर्ज देऊन तीन महिने उलटले तरी निबंधक हो म्हणेना की नाही म्हणेना. न्यायालयाने त्याला त्याचं कर्तव्य करायला लावलं. त्यानंतर सहासष्ट वर्षांनी तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळच्या सॅमसंग कारखान्यात तेच दिसलं. ९ सप्टेंबर २०२४ ला संप सुरू झाला, महिन्याहून जास्त चालला, आणि त्या सगळ्या काळात संघटनेचा अर्ज निबंधकाकडे पडून होता. आक्षेप होता संघटनेच्या नावात कंपनीचं नाव असण्याला. प्रमाणपत्र मिळालं जानेवारी २०२५ मध्ये. त्या वादात कोण बरोबर होतं याची चर्चा इथे करत नाही. मला फक्त तारखा दाखवायच्या आहेत. ज्या दिवसांत ढाल लागणार होती त्या दिवसांत ती निबंधकाच्या टेबलावर होती.

नोंदणी आणि मान्यता यांतला गोंधळही इथेच दूर करतो. मान्यता म्हणजे मालकाने वाटाघाटीला कुणाला बसवायचं. त्यासाठी आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात तीस टक्के सभासदांची अट होती, संहितेत एकट्याने वाटाघाटी करायच्या तर एक्कावन्न टक्के लागतात. ढालीसाठी एवढे लागत नाहीत. अर्ज सात जण करू शकतात, आणि सभासद हवेत त्या आस्थापनेतले किंवा त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे. पण सातपेक्षा कमी नाहीत.

'किंवा त्या उद्योगातले' हे शब्द सोलापूरसाठी फार मोलाचे आहेत. इथे बरेच कारखाने आठ, बारा, सोळा मागांचे. एकेका शेडमध्ये संघटना काढायला गेलात तर सात जण मिळवतानाच दमछाक होते आणि मालकाला त्या सातांतले तीन-चार फोडणं सोपं जातं. म्हणून शेडनिहाय संघटना काढूच नका. यंत्रमाग उद्योगाची काढा. मग शंभर माणसं अख्ख्या अक्कलकोट रोडवरून, साखर पेठेतून, कुचन नगरातून, कुठूनही येऊ शकतात, आणि बारा मागांच्या शेडमधल्या दोन सभासदांनाही तीच ढाल मिळते. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचंही तेच. संहितेने संघटनेच्या प्रकरणापुरती 'कामगार' ही व्याख्या असंघटित कामगारांपर्यंत नेली आहे. कारखान्याच्या छपराखाली बसत नाही म्हणून तिला बाहेर ठेवता येत नाही.

आणि अर्जावर सातच सह्या घेऊ नका. अर्ज दिल्यावर आणि नोंदणी होण्यापूर्वी काही अर्जदार मागे फिरले, तरी त्यांची संख्या निम्म्याहून जास्त नसेल तर अर्ज बाद होत नाही, असं कायदा म्हणतो. सातांतले तीन फिरले तर अर्ज टिकतो, चार फिरले की तो धोक्यात येतो. एकवीस सह्या असतील तर मालकाला अकरा घरांचे उंबरे झिजवावे लागतील.

गेल्या महिन्यात दत्त नगरात एका घराच्या गच्चीवर बैठक होती. एका तरुण मागवाल्याने वही पुढे केली. एकशे तीन सभासद झाले होते, वर्गणीच्या पावत्यांसकट. तो खूश होता, शंभराची अट पार झाली म्हणून. मी त्याला म्हटलं, दीडशे कर. ही अट अर्जाच्या दिवसापुरती नाही, नोंदणी टिकवायलाही ती कायम लागते. दिवाळीनंतर माग बदलणारे असतात, गावी जाणारे असतात, तेलंगणात माहेरी गेलेली बाई चार महिने येत नाही. एकशे तीनचे अठ्ठ्याण्णव व्हायला एक सुट्टी पुरते. त्याने वहीचं पुढचं पान उलटलं आणि वरच्या कोपऱ्यात एकशे चार हा आकडा लिहून ओळ मोकळी सोडली.